स्लाइडवरून नोट्स काढताना: व्याख्येतली अट आणि उदाहरणातली गाळलेली पायरी

*मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सशर्त संभाव्यतेवरच्या व्याख्यानाच्या ४६ स्लाइड सरांनी आम्हाला दिल्या. मी त्या सगळ्या वहीत उतरवून घेतल्या, महत्त्वाच्या ओळींखाली रंगीत रेघा मारल्या, वीस पाने भरली. वाचताना सगळे कळते. पण चाचणीत बेझच्या प्रमेयावरचे गणित आले तेव्हा मला पहिली ओळसुद्धा सुचली नाही. परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे. स्लाइडवरून नोट्स काढायच्या म्हणजे नेमके करायचे तरी काय?*
*— एक विद्यार्थिनी*

सप्रेम नमस्कार.

संख्याशास्त्र शिकवताना मी स्वतः शेकडो स्लाइड तयार केल्या आहेत, त्यामुळे सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते. स्लाइड ही शिकवणाऱ्याच्या बोलण्याला आधार म्हणून केलेली असते. सूत्र पडद्यावर असते आणि ते का लागू होते हे शिक्षक तोंडी सांगतात. उदाहरणाचे उत्तर पडद्यावर असते आणि मधल्या दोन पायऱ्या फळ्यावर होऊन पुसल्या जातात. तुम्ही पडद्यावरचा भाग मन लावून उतरवलात, पण जो भाग उच्चारला गेला तो तुमच्या वीस पानांत कुठेच आलेला नाही. गणिताची पहिली ओळ नेमकी त्याच भागातून सुचत असते.

वाचताना कळते आणि लिहिताना सुचत नाही, हा अनुभव फक्त तुमचा नाही. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो एकदा वाचून न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात बरेच जास्त राहिले होते. म्हणून नोट्सचे पान असे असावे की त्यातला उत्तराचा भाग झाकता येईल आणि उरलेल्या भागाकडे पाहून उत्तर लिहिता येईल. पुढचे सगळे त्याच बेताने सांगते आहे.

वही बाजूला ठेवा आणि ४६ स्लाइड पुन्हा उघडा, पण या वेळी काहीही उतरवू नका. प्रत्येक स्लाइडच्या क्रमांकापुढे एका कागदावर एकच शब्द लिहा: व्याख्या, नियम, उदाहरण, चित्र किंवा पुनरावृत्ती. पुनरावृत्ती अनेक निघतील, कारण पडद्यावर एकेक ओळ पुढे सरकवत दाखवलेली स्लाइड पीडीएफ करताना बरेचदा चार-पाच वेगळ्या पानांत फुटते आणि त्यातले शेवटचे पानच पूर्ण असते. एवढे झाले की तुमच्या लक्षात येईल की हे अख्खे व्याख्यान पाच गोष्टींभोवती फिरते: सशर्त संभाव्यतेची व्याख्या, गुणाकाराचा नियम, घटनांचे स्वातंत्र्य, संपूर्ण संभाव्यतेचा नियम आणि बेझचे प्रमेय. तुमच्या नोट्सना पाच पाने पुरतील, प्रत्येक गोष्टीला एक.

या पानांचा क्रम स्लाइडच्या क्रमापेक्षा वेगळा असू शकतो. शिक्षक बहुधा एखाद्या कोड्याने सुरुवात करतात, कारण वर्गाचे लक्ष वेधायचे असते, आणि कोड्याचे उत्तर विसाव्या स्लाइडनंतर येते. उजळणीच्या नोट्समध्ये कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीवर उभी आहे तो क्रम धरावा. बेझच्या सूत्रातला छेद संपूर्ण संभाव्यतेच्या नियमाने मिळतो, तो नियम गुणाकाराच्या नियमातून येतो आणि गुणाकाराचा नियम व्याख्येतूनच निघतो. ही साखळी पहिल्याच पानाच्या डोक्यावर एका ओळीत लिहून ठेवा. बेझचे सूत्र परीक्षेत आठवले नाही, तर या साखळीवरून ते दोन मिनिटांत पुन्हा मांडता येते.

आता व्याख्येकडे वळू, कारण स्लाइडवर सर्वांत जास्त काटछाट तिचीच झालेली असते. तुमच्या स्लाइडवर बहुधा एवढेच असेल:

P(A|B) = P(A∩B) / P(B)

हे सूत्र झाले, व्याख्या अजून पुरी झालेली नाही. तिच्यात P(B) > ० ही अट हवी, कारण जी घटना घडण्याची संभाव्यता शून्य आहे ती घडली असे धरून या सूत्राने काही काढता येत नाही. तिथे शून्याने भागावे लागेल. अट लिहून झाल्यावर खाली आपल्या शब्दांत एक वाक्य लिहा. मी वर्गात असे सांगत असे: “B घडले आहे हे कळल्यावर B बाहेरच्या सगळ्या शक्यता खोडून टाकायच्या आणि उरलेल्यांत A चा वाटा किती ते पाहायचे.” सूत्रात P(B) छेदात का आहे, याचे उत्तर या वाक्यात आहे. तुमचे वाक्य वेगळे असू दे, पण छेदाचे कारण त्यात आले पाहिजे.

त्याखाली व्याख्या लागू होणारे एक लहान उदाहरण द्या, आणि ते असे निवडा की नेहमीची चूक त्यातच उघडी पडेल. या विषयातली नेहमीची चूक म्हणजे P(A|B) आणि P(B|A) यांची अदलाबदल. एक फासा घ्या. A म्हणजे सहा पडणे आणि B म्हणजे सम अंक पडणे. सम अंक पडला आहे हे माहीत असेल तर २, ४, ६ या तीन शक्यता उरतात आणि सहाची संभाव्यता १/३ होते. उलट, सहा पडला आहे हे माहीत असेल तर सम अंक पडल्याची संभाव्यता १ आहे. १/३ आणि १ हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिलेले असले की दोन्ही राशी एकच आहेत असे पुन्हा वाटणार नाही.

स्वातंत्र्याच्या पानावर आणखी एक गोष्ट हवी: व्याख्येत बसेल असे वाटणारे, पण न बसणारे उदाहरण. A आणि B स्वतंत्र म्हणजे P(A∩B) = P(A)·P(B), हे सगळ्यांना पाठ असते. तरीही ज्या घटना एकत्र घडूच शकत नाहीत त्या स्वतंत्र असतात, असे दरवर्षी कितीतरी उत्तरपत्रिकांत लिहिलेले सापडते. फाशावर सम अंक पडणे आणि विषम अंक पडणे या घटना घ्या. दोन्ही एकत्र घडण्याची संभाव्यता शून्य, पण दोघींच्या संभाव्यतांचा गुणाकार १/४. म्हणजे त्या स्वतंत्र नाहीत. आणि ते योग्यच आहे, कारण एक घडली हे कळताच दुसरीबद्दल सगळे काही कळते. आता सम अंक पडणे आणि “१ किंवा २ पडणे” या घटना घ्या. दोन्ही एकत्र घडतात त्या फक्त २ पडल्यावर, म्हणून संभाव्यता १/६. आणि १/२ × १/३ सुद्धा १/६. या स्वतंत्र आहेत, जरी नुसते पाहून तसे वाटत नसले तरी. दोन्ही उदाहरणे एकाखाली एक लिहा. व्याख्या दहा वेळा उतरवून जे साधत नाही ते या दोन उदाहरणांनी साधते, असा माझा अनुभव आहे.

तुमची खरी अडचण सोडवलेल्या उदाहरणात आहे, म्हणून तिथे थोडे रेंगाळते. बेझच्या प्रमेयावरच्या स्लाइडवर साधारण अशा धर्तीचे काही असते:

“यंत्र A: ६०% उत्पादन, २% सदोष. यंत्र B: ४०% उत्पादन, ५% सदोष. एक नग सदोष निघाला. P(B|D) = ०.६२५.”

तुम्ही हे जसेच्या तसे उतरवले असेल, आणि नोट्समध्ये आता उत्तर आहे, पण उदाहरण नाही. ते पुन्हा बांधायचे असेल तर पानाचे दोन भाग करा. उजवीकडे पायरी लिहा आणि डावीकडे, थोड्या अरुंद रकान्यात, ती पायरी का हे प्रश्नाच्या रूपात लिहा.

डावीकडचा पहिला प्रश्न: “दिलेले काय आहे आणि ते कोणत्या चिन्हात बसते?” उजवीकडे: P(A) = ०.६०, P(B) = ०.४०, P(D|A) = ०.०२, P(D|B) = ०.०५. चाचणीत तुमच्याकडून राहिलेली पहिली ओळ हीच. “यंत्र B चे ५% नग सदोष” या वाक्यात “यंत्र B चे” हा भाग दिलेली माहिती आहे, म्हणून तो उभ्या रेघेच्या उजव्या बाजूला जातो, ही खूण डाव्या रकान्यात आवर्जून लिहा. “पैकी”, “असलेल्यांमध्ये”, “दिले असता” असे शब्द प्रश्नात दिसले की ज्याला ते लागले आहेत ते रेघेनंतर येते.

दुसरा प्रश्न: “विचारले काय आहे?” P(B|D). दिलेले P(D|B) आहे आणि विचारलेले त्याच्या उलट आहे. बेझचे प्रमेय लागणार हे इथेच ठरते.

तिसरा प्रश्न: “सदोष नग किती वाटांनी येऊ शकतो?” दोन वाटा: A वर तयार होऊन सदोष, किंवा B वर तयार होऊन सदोष. पहिलीची संभाव्यता ०.६० × ०.०२ = ०.०१२ आणि दुसरीची ०.४० × ०.०५ = ०.०२०. दोन्हींची बेरीज ०.०३२ म्हणजे P(D).

चौथा प्रश्न: “यात B च्या वाटेचा वाटा किती?” ०.०२० / ०.०३२ = ०.६२५.

त्याखाली हेच गणित हजार नगांवर मांडा. हजारांपैकी ६०० नग A चे, त्यांत १२ सदोष. ४०० नग B चे, त्यांत २० सदोष. एकूण सदोष ३२, त्यांतले B चे २०. बत्तीसपैकी वीस म्हणजे तेच ०.६२५. सूत्र आठवत नसतानाही या मांडणीने उत्तर काढता येते, आणि सूत्राने काढलेले उत्तर पडताळून पाहण्यासाठीही ती उपयोगी पडते. ही मांडणी स्लाइडवर नसली तरी तुमच्या पानावर जरूर असू द्या.

यानंतर पानाच्या तळाशी चुकांसाठी जागा ठेवा, आणि “नीट लक्ष द्यावे” असे मोघम न लिहिता चूक आकड्यासकट लिहा. वरच्या गणितात मी तीन चुका नेहमी पाहिल्या आहेत. काही जण उत्तर ०.०५ लिहितात, ते P(D|B) आहे. काही ०.०२० वर थांबतात. ती B वर तयार झालेला आणि सदोष, अशा दोन्ही गोष्टी एकत्र होण्याची संभाव्यता आहे. या दोन चुका डोळ्यांना लगेच दिसतात, कारण सदोष नगांत जास्त दोष देणाऱ्या यंत्राचा वाटा त्याच्या उत्पादनातल्या ४०% वाट्यापेक्षा जास्तच असला पाहिजे. तिसरी चूक मात्र फसवी आहे. छेदात ०.०३२ ऐवजी २% आणि ५% यांची सरळ सरासरी, म्हणजे ०.०३५ घेतली जाते, आणि उत्तर सुमारे ०.५७१ येते. हा आकडा ०.४० पेक्षा मोठा आहे, एकापेक्षा लहान आहे, म्हणजे वरवर पाहता त्यात काही खटकत नाही.

ती पकडायची कशी? त्याच छेदाने A चा वाटाही काढा. ०.०१२ / ०.०३५ म्हणजे सुमारे ०.३४३. आता ०.५७१ आणि ०.३४३ यांची बेरीज ०.९१४ होते. सदोष नग A चा किंवा B चा, यापलीकडे तिसरी शक्यता नाही, म्हणून बेरीज १ यायलाच हवी. ती येत नाही म्हणजे छेद चुकला आहे. बरोबर छेद घेतला तर ०.६२५ आणि ०.३७५ मिळतात व बेरीज १ होते. ही तपासणी परीक्षेत अर्ध्या मिनिटात होते. चुकीचे उत्तर, ते चुकीचे का आणि ते कशावरून ओळखायचे, या तीन ओळी पानाच्या तळाशी आल्या की ते पान पूर्ण झाले.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. सोडवलेली उदाहरणे अभ्यासण्याचा फायदा स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणिताच्या प्रश्नांवर दाखवला: उदाहरणे अभ्यासलेल्या विद्यार्थ्यांनी तसेच प्रश्न लवकर आणि कमी चुका करून सोडवले. पण हा फायदा मुख्यतः त्याच धर्तीच्या प्रश्नांपुरता होता. प्रश्नाचा ढाचा बदलला की तो टिकला नाही. म्हणून प्रत्येक सोडवलेल्या उदाहरणाशेजारी त्याचे बदललेले एक रूप ठेवा, आणि त्याचे उत्तर मागच्या पानावर लिहा.

रूप बदलताना नुसते आकडे बदलून उपयोग नाही, उत्तराचा कल बदलला पाहिजे. वरच्याच गणितात दोषांचे प्रमाण तसेच राहू दे, पण उत्पादन A चे ९०% आणि B चे १०% करा. आता A च्या वाटेने ०.०१८ आणि B च्या वाटेने ०.००५, एकूण ०.०२३. सदोष नग B चा असण्याची संभाव्यता ०.००५ / ०.०२३, म्हणजे सुमारे ०.२१७. B अजूनही जास्त दोष देणारे यंत्र आहे, तरीही सदोष नग A चा असण्याचीच शक्यता बरीच जास्त आहे, कारण बहुतेक नग A वरच तयार होतात. याचे कारण तुम्हाला एका वाक्यात लिहिता आले, तर बेझचे प्रमेय तुम्हाला समजले आहे. लिहिता आले नाही, तर हजार नगांच्या मांडणीकडे परत जा आणि तिथून ते वाक्य शोधा. पुढच्या पानावर जाण्याची घाई करू नका.

दुसरे रूप म्हणजे पायऱ्या गाळलेले उदाहरण. त्याच उदाहरणाची एक प्रत करा आणि त्यात शेवटची पायरी कोरी ठेवा. दोन दिवसांनी शेवटच्या दोन पायऱ्या कोऱ्या ठेवा, मग फक्त प्रश्न ठेवा. सुरुवात शेवटाकडून करायची, कारण आधीच्या पायऱ्या समोर असताना शेवटची लिहिणे सोपे असते, आणि तुम्हाला अवघड जाणारी पहिली ओळ सर्वांत शेवटी, पुरेशी तयारी झाल्यावर येते.

काही गोष्टी नोट्समध्ये आणूच नका. व्याख्यानाची रूपरेषा, विषयाचा इतिहास, शेवटची “आज आपण काय शिकलो” ही स्लाइड, यांना उजळणीच्या पानावर जागा नाही. वेन आकृती मात्र हाताने पुन्हा काढा, छापील प्रत चिकटवू नका. B चे वर्तुळ ठळक करून त्याबाहेरचा भाग आडव्या रेघांनी खोडला की व्याख्येतले तुमचे वाक्यच चित्रात उतरते.

स्लाइडमध्येही चुका असतात, हे शिकवणारी म्हणून मी मान्य करते. मागच्या वर्षीच्या उदाहरणातला एक आकडा बदलतो आणि उत्तर बदलायचे राहून जाते. तुमचे उत्तर स्लाइडशी जुळत नसेल, तर आधी वाटे मिळून १ होतात का ते पाहा, मग हजार नगांवर मांडा. तरीही जुळले नाही तर ते पान घेऊन सरांकडे जा आणि “मला हे कळत नाही” असे न म्हणता “तिसऱ्या पायरीला माझा छेद ०.०३२ येतो, स्लाइडवर वेगळा आहे” असे विचारा. अशा प्रश्नाचे उत्तर दोन मिनिटांत मिळते. तोंडी सांगितलेले आणि स्लाइडवर न आलेले स्पष्टीकरणही त्याच वेळी विचारून डाव्या रकान्यात लिहून घ्या. वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीच्या वहीत ते सापडले तर आणखी चांगले.

वेळेचे म्हणाल तर अशा एका व्याख्यानाला पहिल्यांदा तीन-चार तास लागतील असे धरून चाला, आणि त्यातला बराचसा वेळ लिहिण्यापेक्षा गाळलेल्या पायऱ्या शोधण्यात जाईल. पाच पाने तयार झाली की वीस पानांच्या वहीची गरज उरत नाही. दुसऱ्या दिवशी उजवा रकाना झाकून, डाव्या रकान्यातल्या प्रश्नांची उत्तरे कोऱ्या कागदावर लिहा. जिथे अडलात तिथे समासात तारीख टाका, आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा बसाल तेव्हा तारीख पडलेल्या जागांपासूनच सुरुवात करा. ज्या पायरीवर दोन तारखा पडतील ती पायरी घेऊन सरांकडे जा, आणि जाताना सोबत ते अख्खे पान न्या.